ड्युराच्या अलीकडे की पलीकडे? डोक्यातला रक्तस्राव सीटी स्कॅनवर कसा ओळखतात

डोक्याला मार लागल्यावर कवटी आणि मेंदू यांच्या दरम्यान रक्त साचते, तेव्हा ते प्रामुख्याने दोन जागा धरते. या दोन जागांमध्ये ड्युरा नावाचा एकच चिवट पडदा असतो. रक्त ड्युरा आणि हाड यांच्यामध्ये साचले तर तो एक्स्ट्राड्युरल रक्तस्राव. काही डॉक्टर त्यालाच एपिड्युरल म्हणतात. रक्त ड्युराच्या आतल्या, म्हणजे मेंदूकडच्या बाजूला साचले तर तो सबड्युरल रक्तस्राव. अंतर जेमतेम पडद्याच्या जाडीचे, पण दोन्हींचे कारण, रुग्णाचे वय, पुढचा प्रवास आणि शस्त्रक्रिया यांत मोठा फरक पडतो.

अडचण अशी की साध्या सीटी स्कॅनवर ड्युरा वेगळा दिसत नाही. तो हाडाला लागून असतो आणि हाडाच्या पांढऱ्या रंगात मिसळून जातो. त्यामुळे रक्त पडद्याच्या कोणत्या बाजूला आहे हे थेट पाहता येत नाही. ते रक्ताने घेतलेल्या आकारावरून, त्याच्या जागेवरून आणि ते कुठे थांबले यावरून ठरवावे लागते. या तिन्ही खुणा ड्युरा कवटीला कुठे आणि किती घट्ट चिकटलेला आहे, या एकाच गोष्टीतून निघतात.

ड्युराची बांधणी

कवटी सलग दिसत असली तरी ती अनेक हाडांची बनलेली असते. कपाळाचे फ्रंटल हाड, डोक्याच्या वरच्या भागातली दोन पॅरायटल हाडे, कानांजवळची दोन टेम्पोरल हाडे आणि मागचे ऑक्सिपिटल हाड ही त्यातली मोठी हाडे. ती दातेरी कडांनी एकमेकांत गुंतलेली असतात. या सांध्यांना शिवणी म्हणतात. कपाळाचे हाड आणि पॅरायटल हाडे यांच्यामध्ये एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणारी ती कोरोनल शिवण. दोन पॅरायटल हाडांमध्ये मधोमध पुढून मागे जाणारी सॅजिटल. मागच्या बाजूला पॅरायटल आणि ऑक्सिपिटल हाडांमधली लॅम्बडॉइड. आणि कानाच्या वर टेम्पोरल हाडाच्या पातळ पत्र्याला वेढणारी स्क्वॅमोसल.

ड्युराला दोन थर असतात. बाहेरचा थर म्हणजे कवटीच्या हाडांचे आतले अस्तरच. हाडाच्या मधल्या भागावर हे अस्तर तुलनेने सैल असते, पुरेसा दाब पडला तर सुटू शकते. पण शिवणीपाशी ते दोन हाडांच्या फटीतून बाहेर जाते आणि कवटीच्या बाहेरच्या अस्तराला मिळते. तिथे त्याची पकड घट्ट असते. गोधडीत चिंध्या जशा एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंतच सरकतात, तसे हाड आणि ड्युरा यांच्यामध्ये शिरलेले रक्त एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत पसरते आणि तिथे अडते.

ड्युराचा आतला थर बाहेरच्या थराला चिकटून असतो, पण काही ठिकाणी तो वेगळा होऊन मेंदूच्या भागांमध्ये घड्यांसारखा खोल उतरतो. मेंदूच्या उजव्या आणि डाव्या गोलार्धांमध्ये उभा उतरणारा पडदा म्हणजे फाल्क्स. मोठा मेंदू आणि त्याखालचा लहान मेंदू यांच्यामधला जवळपास आडवा पडदा म्हणजे टेंटोरियम. या घड्यांच्या मुळाशी, ड्युराच्या दोन थरांच्या मध्ये, मेंदूतले अशुद्ध रक्त वाहून नेणारे रुंद शिरामार्ग असतात. ड्युराच्या खाली अरॅक्नॉइड हे नाजूक आवरण असते. निरोगी माणसात ड्युरा आणि अरॅक्नॉइड यांच्यामध्ये मोकळी पोकळी नसते. मात्र दोघांमधला पेशींचा थर दुबळा असतो. रक्त तिथे शिरले की हा थर सहज उकलत जातो आणि शिवणींचा त्याला काहीच अडथळा होत नाही.

हाड आणि ड्युरा यांच्यामधले रक्त

एक्स्ट्राड्युरल रक्तस्रावाची ठरलेली जागा म्हणजे कानशील. इथे टेम्पोरल हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूला कोरलेल्या खाचेतून मिडल मेनिन्जियल धमनी जाते. ही धमनी ड्युराच्या बाहेरच्या थराला आणि हाडाला रक्त पुरवते. कानशिलावर जोराचा मार बसला, हाडाला तडा गेला आणि तो तडा खाचेवरून गेला की धमनी फाटते. मोठ्या माणसांतल्या बहुतेक एक्स्ट्राड्युरल रक्तस्रावांत हाड मोडलेले सापडते ते यामुळेच.

धमनीतले रक्त दाबाने बाहेर येते आणि ड्युराला हाडापासून सोलत जाते. ड्युरा आजूबाजूला हाडाला धरून राहिलेला असल्यामुळे रक्ताला लांब पसरता येत नाही. ते मध्ये फुगते आणि मेंदूला आत ढकलते. म्हणून स्कॅनवरच्या आडव्या छेदात हा साठा बहिर्गोल भिंगाच्या आकाराचा दिसतो. बाहेरची कड कवटीच्या वळणाबरोबर जाते, आतली कड मेंदूच्या दिशेने फुगलेली असते आणि दोन्ही टोकांना रक्त चटकन निमुळते होते.

आता ते कुठे थांबते ते पाहावे. शिवणीपाशी ड्युरा घट्ट असल्यामुळे एक्स्ट्राड्युरल रक्त सहसा शिवण ओलांडत नाही. मात्र फाल्क्स आणि टेंटोरियम ही आतल्या थराची घडण आहे, आणि हे रक्त दोन्ही थरांच्या बाहेर असते. त्यामुळे या घड्या त्याला अडवू शकत नाहीत. टाळूपाशी साचलेले एक्स्ट्राड्युरल रक्त मधली रेषा ओलांडून दोन्ही बाजूंना पसरू शकते. तिथला मोठा शिरामार्ग हाडापासून सुटून खाली ढकललेला दिसतो. तसेच डोक्याच्या मागच्या बाजूचा साठा टेंटोरियमच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे सलग असू शकतो.

ड्युराच्या खालचे रक्त

सबड्युरल रक्तस्रावाचे नेहमीचे मूळ धमनीत नसून शिरांत असते. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघालेल्या बारीक शिरा ड्युरामधल्या शिरामार्गांना जाऊन मिळतात. त्यांना ब्रिजिंग व्हेन्स म्हणतात. डोक्याला अचानक हिसका बसला की मेंदू कवटीच्या आत सरकतो, या शिरा ताणल्या जातात आणि तुटतात. उतारवयात मेंदू आकसतो, त्यामुळे या शिरांना जास्त अंतर ओलांडावे लागते आणि त्या आधीच ताणलेल्या असतात. म्हणूनच वृद्धांना, दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांना आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना साध्या पडण्यानेही सबड्युरल रक्तस्राव होऊ शकतो. एक्स्ट्राड्युरलचे गणित वयाबाबत उलटे आहे. वयानुसार ड्युरा हाडाला अधिकाधिक घट्ट चिकटत जातो, म्हणून साठीनंतर तो कमी आढळतो आणि तरुणांमध्ये जास्त.

ड्युराखाली शिरलेले रक्त उकलत्या थरातून मेंदूच्या पृष्ठभागावर पातळ पसरते. आडव्या छेदात ते चंद्रकोरीसारखे दिसते. बाहेरची कड कवटीला लागून, आतली कड मेंदूच्या वळणाला धरून, आणि दोन्ही टोके लांबवर निमुळती. कपाळापासून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत संपूर्ण गोलार्धावर ते पसरू शकते, वाटेत कोरोनल आणि लॅम्बडॉइड शिवणी ओलांडते. पण फाल्क्सपाशी पोचल्यावर ते दुसऱ्या बाजूला जात नाही. फाल्क्सला वळसा न घालता त्याच्या कडेने ते दोन गोलार्धांमधल्या फटीत उतरते, किंवा टेंटोरियमवर पसरते. फाल्क्स एका बाजूने जाड आणि पांढरा दिसणे किंवा टेंटोरियमवर पांढरा थर दिसणे, ही सबड्युरलची बोलकी खूण आहे. एक्स्ट्राड्युरल रक्त या घड्यांच्या कडेने आत उतरूच शकत नाही.

थोडक्यात, दोन्ही नियम एकमेकांचे उलटे आहेत. एक्स्ट्राड्युरल शिवणीपाशी थांबतो पण मधली रेषा ओलांडू शकतो. सबड्युरल शिवणी ओलांडतो पण मधल्या रेषेपाशी थांबतो. आकार फसवा असतो तेव्हा हा नियम अधिक विश्वासाचा ठरतो.

रंग आणि विंडो

सीटी स्कॅनवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे त्या जागेची क्ष-किरण अडवण्याची क्षमता. हे मोजण्याच्या एककाला स्कॅनरचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव दिले आहे. त्यांनी बनवलेल्या यंत्रावर रुग्णाच्या मेंदूचे पहिले स्कॅन 1971 साली लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाले. या मापात पाण्याचा आकडा 0 असतो, मेंदूचा साधारण 25 ते 40, आणि गोठलेल्या ताज्या रक्ताचा साधारण 50 ते 70. हाडाचा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. म्हणून ताजे रक्त मेंदूपेक्षा पांढरे दिसते.

मेंदू पाहण्यासाठी पडद्यावर जी नेहमीची सोय लावतात, तिची रुंदी सुमारे 80 एकके आणि मध्य 40 असतो. म्हणजे 80 च्या वरचे सगळे पूर्ण पांढरे होते. या मांडणीत हाडाला चिकटलेली रक्ताची पातळ पट्टी हाडाच्या पांढऱ्यातच हरवते आणि कवटी किंचित जाड दिसते, एवढेच. म्हणून रेडिऑलॉजिस्ट हीच चित्रे 200 च्या आसपास रुंदी ठेवून पुन्हा पाहतात. तेव्हा हाड पांढरे राहते, रक्त करडे होते आणि दोन्ही वेगळी पडतात. तिसऱ्यांदा हाडांच्या विंडोत तडे आणि शिवणी तपासल्या जातात. तडा सहसा सरळ आणि तीक्ष्ण काळी रेघ असतो, शिवण नागमोडी असते, तिच्या कडा दाट असतात आणि दुसऱ्या बाजूला तशीच जोडीदार शिवण सापडते.

वेळेनुसार रंग बदलतो. सबड्युरल रक्त पहिल्या दिवसांत पांढरे असते. साधारण 1 ते 3 आठवड्यांच्या दरम्यान ते मेंदूइतकेच करडे होते आणि त्यानंतर मेंदूपेक्षा काळसर. मधला टप्पा सगळ्यांत धोक्याचा, कारण रक्त आणि मेंदू यांच्यातली सीमाच दिसत नाही. अशा वेळी मेंदूच्या घळ्या कवटीपर्यंत पोचतात का, हे पाहावे लागते. त्या वाटेतच थांबत असतील आणि मेंदूचा पांढरा भाग आत ढकललेला असेल, तर मध्ये काहीतरी आहे. तीव्र रक्तक्षय असलेल्या रुग्णात ताजे रक्तही करडे दिसू शकते, कारण पांढरेपणा हिमोग्लोबिनमुळे येतो.

एक्स्ट्राड्युरलमध्ये पांढऱ्या साठ्यात करड्या रंगाचे भोवरे दिसले तर ते दुर्लक्षिण्यासारखे नसतात. न गोठलेले ताजे रक्त अजून आत येत असल्याची ती खूण असू शकते.

दोन स्कॅन, शेजारी शेजारी

उदाहरणादाखल दोन रुग्ण घेता येतील. पहिला 24 वर्षांचा तरुण, हेल्मेट न घालता दुचाकीवरून पडलेला. पडल्यावर क्षणभर शुद्ध हरपली, मग तो नीट बोलू लागला आणि दोन तासांनी गुंगीत जाऊ लागला. आडव्या छेदांत रुग्णाची उजवी बाजू चित्राच्या डाव्या हाताला असते, कारण चित्र पायांकडून पाहिल्यासारखे मांडलेले असते. त्याच्या उजव्या कानशिलापाशी पांढरा, आत फुगलेला साठा दिसतो. पुढची कड कोरोनल शिवणीपाशी थांबते, मागची लॅम्बडॉइडच्या अलीकडे. हाडांच्या विंडोत पॅरायटल हाडातून टेम्पोरल हाडात उतरणारा तडा दिसतो आणि त्याच्याखाली धमनीची खाच आहे. साठा स्क्वॅमोसल शिवणीच्या वर आणि खाली दोन्हीकडे आहे, हे नियमाविरुद्ध वाटू शकते. पण तडा नेमका तिथूनच गेला आहे आणि तिथली ड्युराची पकड सुटली आहे. निदान एक्स्ट्राड्युरलचेच राहते.

आता मोजमाप. सर्वांत मोठा साठा दिसणाऱ्या छेदात लांबी 6 सेंटिमीटर, जाडी 2.5 सेंटिमीटर. 5 मिलिमीटर जाडीच्या 10 छेदांत रक्त दिसते, म्हणजे उंची 5 सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून 2 ने भागले की घनफळाचा अंदाज मिळतो: 6 × 2.5 × 5 ÷ 2 = 37.5 घनसेंटिमीटर. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 30 घनसेंटिमीटरपेक्षा मोठा एक्स्ट्राड्युरल साठा रुग्ण कितीही शुद्धीत असला तरी शस्त्रक्रियेने काढायचा असतो.

दुसरे उदाहरण 72 वर्षांच्या गृहस्थांचे. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू, न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना ते उठवून उठेनात. स्कॅनमध्ये डाव्या गोलार्धावर पांढरी चंद्रकोर कपाळापासून मागपर्यंत जाते. कोरोनल आणि लॅम्बडॉइड या दोन्ही शिवणी तिने सहज ओलांडल्या आहेत, पण मधली रेषा ओलांडलेली नाही. फाल्क्सचा मागचा भाग डाव्या बाजूने जाड आहे आणि टेंटोरियमवरही पांढरा थर आहे. हाडात कुठेही तडा नाही. हा ताजा सबड्युरल रक्तस्राव. सबड्युरलमध्ये निर्णयासाठी घनफळाऐवजी जाडी आणि मधल्या रेषेचे सरकणे मोजतात. इथे सर्वाधिक जाडी 12 मिलिमीटर आणि मधली रेषा 7 मिलिमीटर उजवीकडे सरकली आहे. त्याच सूचनांतल्या मर्यादा 10 आणि 5 मिलिमीटर आहेत. यांपैकी एक ओलांडली तरी शस्त्रक्रिया सुचवली जाते, इथे दोन्ही ओलांडल्या आहेत.

रक्ताच्या जाडीपेक्षा मधली रेषा जास्त सरकली असेल, तर मेंदूलाच सूज असल्याचा तो इशारा असतो. ताज्या सबड्युरलमध्ये हे अधिक दिसते, कारण शिरा तोडणारा हिसका मेंदूलाही इजा करतो. एक्स्ट्राड्युरलमध्ये खालचा मेंदू पुष्कळदा शाबूत असतो, त्याला धोका फक्त दाबाचा असतो. म्हणून वेळेत रक्त काढले तर रुग्ण पूर्ण बरा होण्याची शक्यता अधिक. वेळ गेली तर मात्र शुद्धीत बोलणारा माणूसही हाती लागत नाही. अभिनेत्री नताशा रिचर्डसन 2009 च्या मार्चमध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडल्या, सुरुवातीला त्यांना काही त्रास जाणवला नाही आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. कारण एपिड्युरल रक्तस्राव होते.

नियम कुठे फसतात

पहिला अपवाद आकाराचा. जुन्या सबड्युरल साठ्याभोवती पडदे तयार होतात, त्याचे कप्पे पडतात आणि एखादा कप्पा भिंगासारखा फुगतो. अशा वेळी रंग, लांबवर गेलेली टोके आणि शिवणींशी नाते पाहावे. उलट, सुरुवातीचा छोटा एक्स्ट्राड्युरल साठा इतका पातळ असू शकतो की त्याचा फुगवटाच दिसत नाही.

दुसरा अपवाद शिवणींचा. तडा शिवणीतून गेला किंवा मारामुळे शिवणच उकलली, तर एक्स्ट्राड्युरल रक्त ती ओलांडते. लहान मुलांच्या शिवणी पूर्ण बंद झालेल्या नसतात, म्हणून त्यांच्यात हा नियम जपून वापरावा लागतो. डोक्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तर ड्युराची मूळची चिकटण बदललेली असते, आणि तिथे शिवणींवरून निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरा अपवाद रक्ताच्या उगमाचा. प्रत्येक एक्स्ट्राड्युरल रक्त धमनीचे नसते. तडा मोठ्या शिरामार्गावरून गेला तर तिथले रक्त हाड आणि ड्युरा यांच्यामध्ये साचते. हा साठा हळू वाढतो आणि टाळूवर किंवा डोक्याच्या मागे सापडतो. टाळूवरचा साठा आडव्या छेदांना समांतर पसरलेला असतो, त्यामुळे तो वरच्या एक-दोन छेदांतच दिसतो आणि हाडाचाच भाग समजला जाऊ शकतो. म्हणून समोरून पाहिल्यासारखे उभे छेद संगणकावर तयार करून तपासणे आवश्यक असते. टेंटोरियमवरचे सबड्युरल रक्तही याच छेदांत स्पष्ट होते.

शिवाय दोन्ही प्रकार एकाच डोक्यात असू शकतात. मार लागलेल्या बाजूला एक्स्ट्राड्युरल आणि समोरच्या बाजूला सबड्युरल, असे चित्र अपघातांत दिसते. म्हणून एक साठा सापडला की शोध थांबवायचा नसतो.

निदानावर काय अवलंबून असते

जागा नेमकी कळल्यावर शस्त्रक्रियेची आखणी बदलते. एक्स्ट्राड्युरल रक्त हाडाची झडप उघडताच समोर येते. ते काढून फाटलेली धमनी बंद करायची, आणि ड्युरा उघडण्याची सहसा गरज पडत नाही. ताज्या सबड्युरलमध्ये हाड उघडल्यावर ड्युराही कापावा लागतो, कारण घट्ट गोठलेले रक्त त्याच्या खाली असते. जुन्या सबड्युरलमध्ये रक्त पातळ झालेले असते, त्यामुळे हाडाला एक किंवा दोन छिद्रे पाडून ते निचरून काढता येते. छोटे साठे दोन्ही प्रकारांत देखरेखीखाली ठेवता येतात, पण तेव्हा काही तासांनी पुन्हा स्कॅन करून साठा वाढला का आणि मधली रेषा सरकली का, हे तपासावे लागते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर त्याचा परिणाम उलटवण्याचा निर्णयही याच वेळी घ्यावा लागतो.